नकार कळवा, पण दार उघडे ठेवा

आपल्या घरांतली मुले-मुली आता सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांसाठी एकाच वेळी चार-पाच ठिकाणी मुलाखती देतात. अल्लाहच्या कृपेने कधी दोन ऑफर लेटर एकाच आठवड्यात हातात पडतात. घरात मिठाई येते, दुआ होते, एक नोकरी स्वीकारली जाते. दुसऱ्या कंपनीला मात्र कोणी काही कळवत नाही. "आपण गेलो नाही की त्यांना समजेलच," असे म्हणून विषय संपतो. या महिन्यात आम्ही त्या न लिहिलेल्या ईमेलविषयी बोलणार आहोत.

उदाहरण आपल्याच भागातले घेऊ. समजा, मनोरची एक मुलगी तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात दोन वर्षे संगणकाचे काम करते आहे. तिला ऐरोलीच्या एका कंपनीचे ऑफर लेटर मंगळवारी आले. पाचही दिवस ऑफिसात यावे लागेल, उत्तर सोमवारपर्यंत द्यावे, असे त्यात लिहिले होते. बुधवारी गोरेगावच्या कंपनीचे पत्र आले. पगार थोडा कमी, पण ऑफिसात आठवड्यातून तीनच दिवस जायचे. मनोरहून पालघर स्टेशन गाठले की पुढे लोकलचा सरळ रस्ता. ऐरोलीला मात्र महामार्गाने घोडबंदर आणि ठाणे करत रोज जायचे. अब्बा-अम्मीशी मशवरा झाला, इस्तिखारा झाला आणि गुरुवारी तिने गोरेगावला होकार दिला.

आता ऐरोलीला कधी कळवायचे? गोरेगावच्या पत्रात पगार, पद आणि रुजू होण्याची तारीख आहे ना, हे पाहून सही करावी. सही केलेली प्रत मिळाल्याचे त्यांचे उत्तर आले की त्याच दिवशी ऐरोलीला लिहावे. त्याआधी लिहिण्यात घाई आहे. केवळ फोनवरच्या शब्दावर हातातली दुसरी संधी सोडू नये. पण त्यानंतर थांबण्यात खोट आहे. काही मुले दुसरी ऑफर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत 'असू दे' म्हणून जवळ ठेवतात. हा प्रकार आम्हाला मुळीच पसंत नाही.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. या क्षेत्रात जुनी नोकरी सोडताना दोन किंवा तीन महिन्यांचा नोटीस काळ अनेक ठिकाणी द्यावा लागतो. कंपनी आपल्यासाठी जागा धरून ठेवते आणि तेवढे दिवस वाट पाहते. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला 'जागा भरली' असे सांगितले जाते. रुजू होण्याच्या सकाळी आपण गेलोच नाही, तर तो सगळा काळ वाया गेला. नव्या उमेदवाराचा नोटीस काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. तोवर ज्या मुलाला नाही म्हटले गेले, तो कदाचित बोईसर-पालघरमधलाच कोणीतरी असेल. तेच उत्तर गुरुवारी मिळाले असते, तर शुक्रवारी त्याला फोन गेला असता. वायदा पाळण्याची आणि दुसऱ्याचा हक्क अडवून न ठेवण्याची जी शिकवण आपण मुलांना देतो, ती इथेही लागू आहे.

शिवाय कंपन्या नोंद ठेवतात. 'ऑफर नाकारली' आणि 'न कळवता आलाच नाही' या दोन वेगळ्या नोंदी असतात. पहिल्या नोंदीच्या माणसाला पुढे पुन्हा बोलावतात. दुसरीच्या माणसाचे नाव पाहताच अर्ज बाजूला पडू शकतो.

ईमेल ज्या व्यक्तीने ऑफर पाठवली, तिच्याच ईमेलला उत्तर म्हणून जावे, म्हणजे जुना पत्रव्यवहार खाली दिसतो. प्रत्यक्षात ते इंग्रजीत जाईल, पण मजकूर असा असावा:

"आदरणीय मॅडम,
मंगळवारी पाठवलेल्या ऑफर लेटरबद्दल मनापासून आभार. नीट विचार करून मी ही ऑफर स्वीकारू शकत नाही, असे कळवते. मी आज दुसऱ्या कंपनीतली नोकरी स्वीकारली आहे. मनोरहून रोजचा प्रवास पाहता काही दिवस घरून काम करण्याची सोय माझ्यासाठी महत्त्वाची ठरली.
दुसऱ्या मुलाखतीत आपल्या टीम लीडनी डेटाबेसविषयी जे समजावून सांगितले, ते मला उपयोगी पडेल. त्यांनाही माझे आभार कळवावेत.
आपल्या पोर्टलवरही मी नकार नोंदवला आहे. पुढे माझ्या कामाला जुळणारी जागा निघाली, तर आपल्याशी पुन्हा बोलायला मला आवडेल."

खाली पूर्ण नाव, पदाचे नाव आणि फोन नंबर. बस, एवढेच.

यात नकार दुसऱ्याच वाक्यात आला आहे. वाचणाऱ्याला शेवटपर्यंत शोधावा लागत नाही. 'सध्या जरा अवघड वाटते' असे लिहिले की समोरचा त्याला पगाराची बोलणी समजतो आणि पुन्हा फोन करतो. कारण खरे आहे आणि एकच आहे. घरात आजारपण आहे, अब्बा नाही म्हणतात, अशी बनवलेली कारणे लिहू नयेत. खोटे ते खोटेच. त्यातून महिन्याभरात लिंक्डइनवर नव्या कंपनीचे नाव दिसले की ते उघडेही पडते. दुसऱ्या कंपनीचे नाव किंवा पगार लिहिण्याची गरज नाही. टीम लीडचा उल्लेख मात्र खऱ्या प्रसंगाचा हवा. पुढे ओळख टिकते ती अशा एका वाक्याने, कारण ते छापील नमुन्यात सापडत नाही.

'पुढच्या वर्षी नक्की येईन' असे मात्र लिहू नये. तो नवा वायदा होईल, आणि पाळता येईल की नाही हे आज ठाऊक नाही.

ईमेल गेल्यावर कधी फोन येतो: "पगार वाढवतो, या." त्याचे उत्तर आधीच ठरवून ठेवावे: "आभारी आहे, पण मी तिकडे शब्द दिला आहे." पगार वाढल्याने निर्णय बदलणार असेल, तर ती बोलणी सही करण्याआधी करायची होती. आणि चाचा-मामूंच्या ओळखीतल्या कोणी आपले नाव त्या कंपनीत सुचवले असेल, तर ईमेलच्या आधी त्यांना फोन करावा. ही बातमी त्यांना ऑफिसातून कळणे बरे नव्हे.

एक प्रकरण वेगळे आहे. ऐरोलीलाही आधीच लेखी होकार दिलेला असेल, तर आता आपण दिलेला शब्द मागे घेत आहोत. तेव्हा आधी स्वतः फोन करावा, ईमेलमध्ये स्पष्ट माफी मागावी, आणि सही केलेल्या पत्रातल्या अटी वाचून घ्याव्यात. तिथे दार उघडे राहील याची खात्री आम्ही देऊ शकत नाही. म्हणूनच दुसरे उत्तर यायचे असेल, तर पहिल्याला होकार देण्याऐवजी चार दिवसांची मुदत मागून घ्यावी. मुदत मागण्यात काही कमीपणा नाही.

पुढे नव्या नोकरीत वर्षभर काम झाले की त्याच ईमेलखाली चार ओळी लिहाव्यात: आता मी काय काम करते, काय नवे शिकले. नोकरी मागायची असेल तेव्हाच आठवण काढली, तर समोरच्यालाही ते कळते.