मारून घेतलेला जबाब बाद, पण मारून मिळालेला मृतदेह?

पोलिसांनी मारहाण करून घेतलेला कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे आता कायद्याचं पुस्तक न उघडलेल्यालाही माहीत असतं. पुढचा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. त्या जबाबामुळे चाकू सापडला, रक्ताचे कपडे सापडले, मृतदेह सापडला, तर त्या वस्तूचं काय करायचं? जबाब फेकून द्यायचा आणि चाकू ठेवून घ्यायचा?

जगभर कायद्याच्या वर्गांत यावर वाद घालताना एक प्रकरण हमखास निघतं. ते घडलं जर्मनीत, फ्रँकफर्टमध्ये.

दहा मिनिटांत तुटलेलं मौन

27 सप्टेंबर 2002. एका बँकर कुटुंबातल्या 11 वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं. घरच्यांकडे दहा लाख युरोंची खंडणी मागणारं पत्र आलं. तीन दिवसांनी ट्रामच्या थांब्यावर ठेवलेले पैसे उचलायला जो आला, तो होता मॅग्नस गेफगेन, कायद्याचा विद्यार्थी. पोलिसांनी त्याला लगेच धरलं नाही, पाळत ठेवली. तो मुलाकडे जाईल असा अंदाज होता. तो गेला नाही, तेव्हा त्याच दिवशी त्याला अटक झाली. त्याच्या फ्लॅटमध्ये खंडणीची निम्मी रक्कम आणि गुन्ह्याच्या नियोजनाची चिठ्ठी मिळाली. मुलगा कुठे आहे, हे मात्र तो सांगेना.

1 ऑक्टोबरच्या सकाळी फ्रँकफर्ट पोलिसांचे उपप्रमुख वोल्फगांग डाश्नर यांनी आदेश दिला: त्याला सांगा, बोलला नाहीस तर तुला प्रचंड वेदना दिल्या जातील, आणि गरज पडली तर तसं कराही. हाताखालच्या विभागप्रमुखांनी विरोध केला होता. एका अधिकाऱ्याने जाऊन धमकी दिली. साधारण दहा मिनिटांत गेफगेनने ठिकाण सांगितलं. बीर्शटाइन गावाजवळच्या तळ्याच्या धक्क्याखाली मुलाचा मृतदेह होता. अपहरणाच्या दिवशीच त्याचा खून झाला होता.

म्हणजे ज्याचा जीव वाचवण्यासाठी धमकी दिली, तो आधीच गेलेला होता. ‘बॉम्ब टिकटिक करतोय, आता तरी मारायचं की नाही?’ हा प्रश्न विचारणारा नेहमी गृहीत धरतो की बॉम्ब आहे, तो अजून फुटलेला नाही आणि समोरच्याला तो कुठे आहे हे माहीत आहे. कोठडीच्या खोलीत यातलं काहीच कुणाला नक्की माहीत नसतं. डाश्नर यांनाही नव्हतं.

त्यांच्याबाबत एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. आपण काय आदेश दिला, हे त्यांनी त्याच दिवशी स्वतः लिहून फाइलला लावलं. लपवलं नाही. आपल्याकडच्या पोलीस ठाण्यात अशी टिपणी कुणी लिहील, ही कल्पनाही करवत नाही.

जबाब बाहेर, मृतदेह आत

खटला उभा राहिला तेव्हा फ्रँकफर्टच्या न्यायालयाने एप्रिल 2003 मध्ये ठरवलं की धमकीनंतरचे तपासातले सगळे जबाब बाद. त्या जबाबांतून हाती आलेल्या वस्तू मात्र पुराव्यात राहतील: मृतदेह, तळ्याकाठचे गाडीच्या टायरचे ठसे, मुलाचं दप्तर. न्यायालयाने आरोपीला स्पष्ट सांगितलं की तुझे आधीचे जबाब तुझ्याविरुद्ध वापरले जाणार नाहीत. तरीही त्याने खटल्यात पुन्हा कबुली दिली. त्याला जन्मठेप झाली.

धमकी देणाऱ्यांवरही खटला चालला, आणि डिसेंबर 2004 मध्ये ते दोषी ठरले. शिक्षा अगदी हलकी होती. डाश्नर यांना 10,800 युरोंचा दंड, तोही प्रत्यक्ष न भरता राखून ठेवलेला. एका मुलाच्या खुन्याला धमकावलं म्हणून पोलिसाला दोषी धरायचं, याचाच तेव्हा जर्मनीत अनेकांना राग आला होता. पुढे न्यायालयाने गेफगेनला 3,000 युरोंची भरपाई मंजूर केली, तेव्हाही तोच संताप उसळला. तो राग खोटा नव्हता. त्या आईवडिलांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं तर तो आपल्यालाही येईल.

प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवाधिकार न्यायालयात गेलं. युरोपियन मानवाधिकार कराराचं तिसरं कलम छळाला आणि अमानुष वागणुकीला बंदी घालतं. युद्धात किंवा आणीबाणीत इतर काही हक्क स्थगित करता येतात, हे कलम करता येत नाही. ‘पूर्ण बंदी’ म्हणतात ती हीच. समोर कोण आहे, त्याने काय केलंय, कशासाठी मारताय, यातलं काहीही तराजूत टाकायचं नाही. 1 जून 2010 रोजी मोठ्या पीठाने 11 विरुद्ध 6 मतांनी निकाल दिला: धमकी ही अमानुष वागणूक होती, बंदीचा भंग झाला. पण खटला? तोही 11 विरुद्ध 6 मतांनी न्याय्य ठरला.

असं कसं? बहुमताचं म्हणणं असं की शिक्षेचा मुख्य आधार गेफगेनची खटल्यातली नवी कबुली होती, वस्तू फक्त ती पडताळायला वापरल्या. धमकीपासून शिक्षेपर्यंतची साखळी मध्ये तुटली. न्यायालयाने एक पायरीही आखून दिली. प्रत्यक्ष छळ झाला असेल तर त्यातून मिळालेली वस्तूही वापरायची नाही. त्याहून कमी, पण अमानुष वागणूक असेल, तर त्या वस्तूचा निकालावर परिणाम झाला का ते पाहायचं.

मला सहा जणांचं अल्पमत पटतं. मृतदेह आणि टायरचे ठसे टेबलावर आहेत, ते बाद होणार नाहीत हे माहीत आहे, अशा वेळी आरोपीने दिलेली ‘नवी’ कबुली कितपत नवी? आम्हा इंजिनीअरिंगवाल्यांच्या भाषेत, इनपुट खराब आहे हे मान्य करायचं, पण आउटपुट बरोबर दिसतंय म्हणून चालवून घ्यायचं, असा हा प्रकार.

आपल्याकडची वाट: कलम 27

भारतात हीच विभागणी ब्रिटिशांनी लिहून ठेवली आहे. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 25 म्हणतं, पोलिसांसमोरची कबुली आरोपीविरुद्ध वापरायची नाही. कलम 27 त्याला अपवाद करतं: कोठडीतल्या आरोपीच्या माहितीमुळे एखादी गोष्ट उघड झाली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात येतो. आरोपी म्हणाला, ‘मी त्याला चाकूने भोसकलं आणि चाकू विहिरीमागे पुरला’, तर पहिला भाग बाद, दुसरा ग्राह्य. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही हा अपवाद कलम 23 चं परंतुक म्हणून राहिला आहे.

यामागचं तर्कशास्त्र असं: मार खाल्लेला माणूस काहीही बोलेल, म्हणून कबुलीवर विश्वास नाही. पण चाकू सापडला म्हणजे तेवढं तरी खरं निघालं. बंदीचं कारण फक्त ‘जबाब खोटा असू शकतो’ एवढंच असेल तर हे पटतं. पण छळावर पूर्ण बंदी आहे ती माणसाच्या शरीराला आणि मनाला सरकारने असं वापरू नये म्हणून. त्या कारणापुढे चाकू खरा निघाला की खोटा, याला अर्थ उरत नाही. उलट, चाकू चालतो म्हटल्यावर मारण्याला बक्षीसच मिळतं.

प्रत्यक्षात ही कारवाई दोन कागदांवर होते. आधी दोन पंचांसमोर निवेदन पंचनामा, ‘मी दाखवतो, चला’. मग त्या जागी जाऊन जप्ती पंचनामा. बचाव पक्षाचा वकील यात काय शोधतो? जागा पोलिसांना आधीच माहीत होती का, ती कुणालाही जाता येईल अशी उघडी होती का, वस्तू तिथेच सीलबंद झाली का, पंच त्याच ठाण्याच्या इतर खटल्यांतही पंच म्हणून दिसतात का, स्टेशन डायरीतल्या आणि पंचनाम्यातल्या वेळा जुळतात का. यातल्या बहुतेक खुणा वस्तू पेरली गेली का ते सांगतात. वस्तू खरी असेल आणि आरोपीला रात्रभर मारून मिळवली असेल, तर हे कागद एकदम व्यवस्थित दिसतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रण सक्तीचं झालंय, ते चांगलंच आहे. पण कॅमेरा सुरू होतो जप्तीच्या वेळी, आदल्या रात्री नाही.

मुंबईचा निकाल

महाराष्ट्रात अपवादाला आणखी एक अपवाद आहे. मकोकाच्या कलम 18 खाली अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यासमोरची कबुली थेट पुरावा ठरते. 11 जुलै 2006 च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात अशा कबुल्यांवर मोठी मदार होती. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने 12 जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांची दोषसिद्धी रद्द केली. वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांत सारखाच मजकूर आढळला आणि कबुलीसाठी छळ झाल्याचं आरोपींनी सिद्ध केलं, असं न्यायालयाने म्हटलं. जप्त स्फोटकांचं सील आणि ताबा यांतल्या त्रुटींमुळे वस्तूही टिकल्या नाहीत. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

या निकालातले ‘आरोपींनी सिद्ध केलं’ हे शब्द पुन्हा वाचा. 19 वर्षं लागली. त्या स्फोटांत आपली माणसं गमावलेल्या 180 हून अधिक घरांनाही 19 वर्षांनी कळलं की उत्तर मिळालेलंच नाही.

कागदावर भारताची भूमिका तशी वाईट नाही. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींनी काठी कालू ओघड खटल्यात म्हटलं की कलम 27 ची माहिती सक्तीने काढली असेल तर ती राज्यघटनेच्या कलम 20(3) च्या आड येते. म्हणजे मारून मिळालेल्या चाकूचा दरवाजा बंद आहे. अडचण आहे ती सक्ती दाखवायची कुणी याची. बंद खोलीत पोलीस आणि आरोपी दोघंच. फाइल पोलिसांकडे, पंच पोलिसांनी आणलेले, वैद्यकीय तपासणीला नेणारेही पोलीस.

यावर उपाय सुचवून झाला आहे. विधी आयोगाने 1985 मध्ये आपल्या 113 व्या अहवालात सांगितलं होतं की कोठडीत असताना माणसाला इजा झाली असेल, तर ती पोलिसांनी केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं आणि तसं नाही हे दाखवण्याचं काम त्यांच्यावर यावं. हेच गृहीतक कलम 27 च्या जप्तीलाही लावा, असं माझं म्हणणं आहे. पोलिसांचे हात बांधले जातील हा आक्षेप येईल, पण गेफगेनविरुद्ध मृतदेहाशिवायही खंडणीचे पैसे आणि चिठ्ठी होतीच.

छळविरोधी संयुक्त राष्ट्र करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, पण मान्यता अजून दिलेली नाही. छळ प्रतिबंधक विधेयक 2010 मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत प्रवर समितीकडे गेलं आणि व्यपगत झालं. आणि 2023 मध्ये पुरावा कायदा नव्याने लिहिला, तेव्हा 1985 च्या त्या शिफारशीला त्यात जागा मिळाली नाही.