वाडा पडला, तुळया मंदिराला निघाल्या. पण माल आला कुठून आणि भार पेलेल का?

गावागावात जुने वाडे उतरवले जातायत. वारस शहरात, छप्पर गळतंय, खर्च कुणी करायचा यावर एकमत नाही. शेवटी जुन्या मालाचा व्यापारी येतो, सगळ्याचा एकरकमी भाव ठरतो आणि सागाच्या तुळया, विटा, घडीव दगड ट्रॅक्टरवर चढतात. दुसरीकडे शेजारच्या गावात मंदिराच्या सभामंडपाचं काम निघालेलं असतं. तिथल्या मंडळींना जुनंच लाकूड हवं असतं, कारण नवा साग परवडत नाही आणि जुन्या कामात तो जुळतही नाही.

मागणी चुकीची नाही. पडक्या वाड्याचा माल चुलीत किंवा भरावात जाण्यापेक्षा मंदिराला लागलेला बरा. पण वाडा खरंच पडका होता, की मालाला भाव आला म्हणून पाडला? तमिळनाडूत चेट्टिनाडच्या हवेल्यांचे खांब आणि दारं कारैकुडीच्या बाजारात विकायला येतात. तिथं काही घरं उभी ठेवण्यापेक्षा सुटी करून विकणं फायद्याचं ठरलं. आपल्याकडेही वाट तीच आहे. म्हणून मंदिर समितीने माल घेण्याआधी वाड्यात जाऊन तुळई जागेवर असतानाचा फोटो मागावा आणि सगळ्या वारसांची लेखी संमती बघावी. एका भावाने विकलं आणि दुसरा कोर्टात गेला, तर सभामंडप अर्ध्यावर राहतो.

कायद्याची बाजू बऱ्याच जणांना माहीत नसते. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार इमारतीपासून सुटी केलेली, शंभर वर्षांहून जुनी वस्तूही पुरावशेषात मोडू शकते. नक्षीचा खांब, कोरीव चौकट यांचा धंदा करायला व्यापाऱ्याकडे परवाना लागतो. साध्या विटेची गोष्ट वेगळी. आणि मंदिरच सरकारने संरक्षित केलेलं असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय एक दगडही हलवता येत नाही.

आता तुळईचं बघू. समजा, वाड्यातली तुळई १२ फुटांची आहे. ती वरून कितीही टणक दिसली तरी तिची टोकं वर्षानुवर्षं भिंतीत दडलेली असतात. ओल तिथंच धरते, वाळवीही तिथूनच शिरते. हातोडीने टोकापासून मध्यापर्यंत ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर लाकूड भरीव, बद्द आला तर आत पोकळ. शंका आली तिथं टोच्या दाबायचा. सहज आत गेला तर तेवढा भाग कापावा लागतो. दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ इंच गेले की उरते साडेदहा फूट. मंडपाचा गाळा नऊ फुटांचा आणि दोन्हीकडे नऊ इंच टेकू धरला, तर ती नेमकी बसते. गाळा दहा फुटांचा असेल तर नाही. ओढूनताणून टेकू कमी करायचा नाही.

दुसरी फसगत खाचेची. जुन्या तुळईला कडीपाटाच्या, खांबाच्या खाचा असतात. ८ इंच उंचीच्या तुळईच्या मध्यावर खालून २ इंचाची खाच असेल, तर तिथं ६ इंचच लाकूड उरलं. ताकद उंचीच्या वर्गाने बदलते, म्हणून ती पाव भागाने नाही, जवळपास निम्म्याने घटते. अशी तुळई मुख्य भाराला नको. आखूड गाळ्याला चालेल. ते गणित इंजिनिअरकडून करून घ्यावं, सुताराच्या अंदाजावर सोडू नये.

विटेची परीक्षा घरी होते. पूर्ण कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात ठेवा, पुसून परत तोला. अडीच किलोची २ किलो ९०० ग्रॅम झाली तर ठीक. ३ किलोच्या वर गेली तर ती २० टक्क्यांहून जास्त पाणी प्यायली. ती बाहेरच्या भिंतीला नको. जाड भिंतीच्या पोटात कच्च्या विटा भरलेल्या असायच्या, त्या पावसात टिकत नाहीत. गोठ्याच्या विटा तर घेऊच नयेत. जनावरांच्या मुताचा क्षार त्यात मुरलेला असतो, नव्या भिंतीला तोच लोणा फुटतो. खात्री करायची तर वीट बशीत इंचभर पाण्यात उभी ठेवा आणि पाणी आटू द्या, असं दोनदा. अंगावर पांढरं आलं तर बाद. चुन्यात बसवलेली वीट अलगद सुटते, सिमेंटमधली फुटते. म्हणून जोडकामही चुन्यातच करावं, म्हणजे पुढच्या पिढीला ती परत काढता येईल.

काळ्या दगडाला पाणी मारून वाळू द्यावं. शेवटपर्यंत एक ओली रेघ राहिली, तर तिथं चीर आहे.

मंदिराचे स्वतःचे दगड मात्र आधी वापरायचे. उतरवताना प्रत्येकावर नंबर टाकावा. बाहेरून आणलेल्या तुळईच्या न दिसणाऱ्या बाजूवर गाव आणि बसवल्याचं साल कोरावं. नाहीतर तीस वर्षांनी कुणीतरी ती मूळ मंदिराचीच समजून तिच्यावरून मंदिराचं वय ठरवेल.