सिस्टरने पंधराव्या मिनिटाला केलेला फोन

शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या एका सरकारी रुग्णालयातली ही गोष्ट आहे. स्त्रियांच्या वॉर्डात साठीच्या आसपासच्या एक आजी पायाच्या जखमेसाठी दाखल होत्या. मधुमेह जुना. संध्याकाळी साडेसातला, जेवणाआधी, त्यांना २० युनिट साधे इन्सुलिन द्यायचे होते. पावणेआठला मला फोन आला. ‘‘सर, माझ्याकडून चूक झाली. आजींना इन्सुलिन जास्त गेलंय. बाटली १०० ची होती, सिरिंज ४० ची.’’

यात नेमके काय झाले, ते समजून घेऊ. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींत मिळतात. एकीत दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, दुसरीत १००. दोन्हींच्या सिरिंजही वेगळ्या असतात: ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी. सरकारी पुरवठ्यात बहुधा ४० ची बाटली येते. त्या दिवशी आजींच्या मुलाने बाहेरच्या दुकानातून आणलेली १०० ची बाटली वॉर्डाच्या फ्रिजमध्ये शेजारीच ठेवली होती. आकार तोच, औषधही तेच. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत अर्धा मिलिलिटर भरते. १०० च्या बाटलीतून तेवढेच घेतले की ५० युनिट होतात. म्हणजे अडीचपट.

बाटली परत ठेवताना सिस्टरला लेबलवरचा आकडा दिसला. तिने बाटली आणि सिरिंज बाजूला काढून ठेवली, वेळ लिहिली आणि फोन केला. साधे इन्सुलिन त्वचेखाली दिल्यावर साधारण अर्ध्या तासाने काम सुरू करते, दोन ते चार तासांत जोरात असते आणि सहा ते आठ तासांनी ओसरते. म्हणजे तिने सांगितले तेव्हा आजींना काहीच झाले नव्हते. हाती मोकळा वेळ होता, आणि तो तिनेच मिळवून दिला होता.

आजींना लगेच भात-वरण खायला दिले, हातात सलाइनची सुई लावून ठेवली. आधी दर पंधरा मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने साखर तपासली. सुरुवातीला २६० असलेली साखर साडेनऊला ६८ वर आली आणि आजींना घाम फुटला. २५ टक्क्यांचे १०० मिलिलिटर ग्लुकोज शिरेतून दिले, म्हणजे २५ ग्रॅम साखर. त्यानंतर १० टक्के ग्लुकोजचे सलाइन पहाटेपर्यंत चालू ठेवले, कारण एकदा वाढलेली साखर इन्सुलिन शिल्लक असेपर्यंत पुन्हा खाली जाते. सिस्टर ड्यूटी संपल्यावरही थांबली. आजींच्या मुलाला काय घडले ते आम्ही दोघांनी मिळून सांगितले.

ती गप्प राहिली असती तर? साडेनऊला आजी झोपलेल्या असत्या. साखर उतरलेला माणूस आणि गाढ झोपलेला माणूस लांबून सारखेच दिसतात. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर. झटके आले असते तेव्हाच कळले असते, आणि कारण शोधण्यात आणखी वेळ गेला असता.

दुसऱ्या दिवशी मेमो काढण्याची सूचना आली. मी काढला नाही. सकाळच्या बैठकीत सर्वांसमोर तिचे आभार मानले. ज्या वॉर्डात पहिल्या फोनला मेमो मिळतो, तिथे दुसरा फोन येत नाही. शिवाय केसपेपरवर मी फक्त ‘२० युनिट’ लिहिले होते; कोणत्या बाटलीतले, ते नाही. चुकीतला तो वाटा माझा होता.

दुरुस्तीही तिनेच सुचवली. वॉर्डाच्या फ्रिजमध्ये फक्त ४० ची बाटली राहील. बाहेरून आलेली १०० ची बाटली नारिंगी टोपीच्या सिरिंजसह वेगळ्या डब्यात, रुग्णाच्या नावाने. भरण्याआधी बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा. रात्री दुसरी सिस्टर नसते, तेव्हा निदान मावशींना. याने सगळ्या चुका थांबणार नाहीत. चुकीची वेळ किंवा चुकीचा रुग्ण यातून पकडला जात नाही. आकड्यांची ही गल्लत मात्र पकडली जाते.

घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनीही आज बाटली आणि सिरिंज शेजारी धरून पाहावी. उलटी गल्लतही होते: ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज असेल तर २० च्या खुणेला फक्त ८ युनिट जातात, आणि औषध चालू असूनही साखर का उतरत नाही हे कळत नाही. आकडे जुळत नसतील तर डॉक्टरांना सांगा. आधीचे डोस चुकले असतील तर तेही सांगा, लगेच.

आजी जखम भरल्यावर घरी गेल्या. जाताना त्यांनी त्याच सिस्टरकडून सिरिंज भरायला शिकून घेतले.