‘अत्यंत’ काढा, ‘मटकन’ ठेवा

कादंबरीतील क्रियाविशेषणे निर्दयपणे छाटावीत, हा उपदेश नव्या लेखकांना इंग्रजीतून मिळतो. स्टीफन किंग यांच्या २००० साली आलेल्या ‘ऑन रायटिंग’ने तो अधिकच रूढ केला. उपदेश चुकीचा नाही. मात्र मराठीत तो जसाच्या तसा लावू नये, असे आमचे मत आहे. चालण्याच्या नाना तऱ्हांसाठी इंग्रजीत स्वतंत्र क्रियापदे विपुल आहेत. मराठी तेच काम बहुधा ‘धरून’, ‘फरफटत’ अशा धातुसाधितांकडून आणि ‘मटकन’, ‘धाडकन’ अशा अनुकरणवाचक अव्ययांकडून करून घेते. म्हणून काय छाटावे याची पारख मराठीच्या घडणीवरून ठरली पाहिजे.

नमुन्यादाखल आम्हीच रचलेला एक परिच्छेद घेऊ. हस्तलिखितांतून असे परिच्छेद वारंवार भेटतात.

“रावजी अतिशय हळूहळू पायऱ्या चढून वर आला. तो खूपच थकला होता. थोडासा घाबरतच त्याने जोरजोरात कडी वाजवली. आतून अजिबात आवाज आला नाही. तेव्हा तो अगदी हताशपणे उंबरठ्यावर मटकन बसला. ‘वहिनी,’ तो अत्यंत दीनवाणेपणाने हळूच म्हणाला, ‘नोटीस आली आहे.’”

शब्द ३८, त्यांपैकी रीत किंवा तीव्रता सांगणारे १३. आता वकिलाने साक्षीदाराला विचारावे तसे प्रत्येकाला विचारू: तुला वगळले तर घटना बदलते काय? ‘अत्यंत क्रूरपणे मारले’ एवढ्यावर उलटतपासणीत निभावत नाही. कशाने, कोठे, किती वेळा, हे सांगावे लागते. कादंबरीचा वाचकही मनातून हेच विचारीत असतो.

‘अतिशय’, ‘खूपच’, ‘अजिबात’, ‘अगदी’, ‘अत्यंत’ यांना वगळल्याने घटना तसूभरही बदलत नाही. ‘हळूहळू’ या द्विरुक्तीतच तीव्रता आहे. तिच्यावर ‘अतिशय’ चढवणे म्हणजे भरल्या घागरीत पाणी ओतणे होय. हे पाचही शब्द बिनदिक्कत जावेत.

‘हळूहळू’चे तसे नाही. ते काढले तर रावजी धडधाकट माणसासारखा चढेल. येथे रीत हवी, पण ती दिसणाऱ्या कृतीत उतरवता येते: ‘कठडा धरून’. मग ‘तो थकला होता’ हे वाक्यही लागत नाही. ‘थोडासा घाबरतच’ आणि ‘जोरजोरात’ या तर परस्परविरोधी साक्षी आहेत. घाबरलेला माणूस कडी जोराने वाजवणार नाही असे नाही, पण ‘थोडासा’ने भीतीही निम्मी केली आणि आवाजही. त्याऐवजी कडी दोनदा वाजू द्यावी. निकड आपोआप कळते.

‘हताशपणे’ आणि ‘मटकन’ एकाच क्रियापदाला लगडले आहेत. ‘-पणे’ लागलेला शब्द भावनेचे नाव सांगतो. ‘मटकन’ अंगातले त्राण गेल्याचे दाखवतो. ‘मटकन’ इंग्रजी नियमाने छाटले तर केवळ ‘बसला’ उरेल आणि तसे तर पाहुणाही बसतो. म्हणून ‘मटकन’ राहील, ‘हताशपणे’ जाईल. ‘दीनवाणेपणाने’ही त्याच न्यायाने जाईल.

उरतो ‘हळूच’. दार बंद आहे, आत हालचाल नाही. मग रावजी हळूच का बोलतो? कडी दोनदा वाजवणाऱ्या या माणसाला बातमी वहिनींच्या कानी पडावी असे वाटतच नाही! परिच्छेदाचा जीव याच शब्दात होता. बाकीच्या गर्दीत तो गाडला गेला होता.

“रावजी कठडा धरून पायऱ्या चढला. त्याने कडी वाजवली, पुन्हा वाजवली. आतून आवाज आला नाही. तो उंबरठ्यावर मटकन बसला. ‘वहिनी,’ तो हळूच म्हणाला, ‘नोटीस आली आहे.’”

शब्द २५, पहिल्या १३ पैकी टिकले दोनच, पण दोन्ही कामाचे.

या छाटणीला एक मर्यादा आहे. निवेदनाला लावलेला निकष पात्रांच्या तोंडच्या भाषेला लावू नये. सीमाभागातील म्हातारी ‘लई वंगाळ झालं बघ’ म्हणाली, तर तेथील ‘लई’ हा तिच्या बोलीचा आणि स्वभावाचा पुरावा आहे. तो खोडला तर पात्रच खोडले जाते. तसेच छाटणीनंतर परिच्छेद मोठ्याने वाचावा. वाक्ये तुटक तुटक आदळू लागली, तर हात जास्त चालला असे समजावे आणि दोन वाक्ये ‘-ऊन’ने जोडून घ्यावीत.

शब्द कमी झाले म्हणून गद्य बळकट होते, हे आम्हांस मान्य नाही. निरर्थक ११ शब्दांआड दडलेला एखादा ‘हळूच’ वाचकाला दिसू लागतो, म्हणून ते बळकट होते. तो ओळखता येत नसेल, तर कात्री हाती न धरलेलीच बरी.