पावसाच्या पाण्याची टाकी केवढी हवी? गणित जरा महिन्यांत मांडूया

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, आठवी-नववीच्या प्रकल्पवहीत हे गणित दरवर्षी येतं. गच्ची १०० चौरस मीटर, पुण्याचा वार्षिक पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, गुणाकार करा, उत्तर ७०,००० लिटर. खाली निष्कर्ष असतो, 'म्हणून ७०,००० लिटरची टाकी बांधावी.' आपण 'छान' असा शेरा मारतो आणि वही परत देतो. मीही बरीच वर्षं हेच केलं. मग एका पालकांनी विचारलं, "सर, एवढी टाकी खरंच बांधू का?" तेव्हा मी पहिल्यांदा कागद घेऊन नीट बसलो.

गुणाकार चुकीचा नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. पण हे वर्षभरात पडणारं पाणी झालं. टाकीत एका वेळी किती साठणार, हा वेगळा प्रश्न आहे. पाणी येत असतं तेव्हा आपण ते वापरतही असतो ना!

म्हणून महिन्यांत मांडा. पुणे शहराचे ढोबळ सरासरी आकडे घेऊ: जून १४०, जुलै १८०, ऑगस्ट १२०, सप्टेंबर १३०, ऑक्टोबर ८० मिलिमीटर. (बातम्यांत टेमघर-पानशेतचे मोठे आकडे येतात, ते घाटातले. तो पाऊस आपल्या गच्चीवर पडत नाही.) स्लॅबवरचं सगळं पाणी पाइपात येत नाही, काही मुरतं, काही उडतं, म्हणून ०.८ ने गुणायचं. १०० चौरस मीटर गच्चीवरून मिळतात जूनमध्ये ११,२००, जुलैत १४,४००, ऑगस्टमध्ये ९,६००, सप्टेंबरमध्ये १०,४०० आणि ऑक्टोबरमध्ये ६,४०० लिटर. एकूण ५२,०००.

आता खर्च. शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात. चौघांचे महिन्याला १६,२०० झाले. म्हणजे जुलैतसुद्धा खर्च जास्त आणि आवक कमी! सगळ्या कामांना हेच पाणी वापरलं, तर पुढच्या महिन्यासाठी काहीच उरत नाही. मग मोठी टाकी भरायची कशाने?

समजा फक्त फ्लशसाठी वापरलं. १३५ पैकी ४५ लिटर त्यात जातात, चौघांचे रोज १८०, महिन्याला ५,४००. आता शिल्लक साठत जाते: जूनअखेर ५,८००, जुलैअखेर १४,८००, ऑगस्टअखेर १९,०००, सप्टेंबरअखेर २४,००० आणि ऑक्टोबरअखेर २५,०००. हा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे टाकीचं माप. पुढे पाऊस नाही असं धरलं तर हे पाणी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पुरतं. त्यानंतर मेअखेरपर्यंत पुन्हा नळ किंवा टँकरच.

माझं मत असं की हीसुद्धा बांधू नये. ५,००० लिटरची टाकी घ्या. जून ते ऑक्टोबर फ्लशचं पाणी तिच्यातून निघतं, वर नोव्हेंबरचे २७ दिवस. म्हणजे वर्षाला ३२,००० लिटर. पाचपट मोठ्या टाकीतून मिळतात ५२,०००. जादाचे २०,००० लिटर म्हणजे दहा हजारी टँकरच्या दोन खेपा, आणि त्यासुद्धा वर्षातून एकदाच. छोटी टाकी पावसाळ्यात पुन्हापुन्हा भरते, म्हणून तिचा प्रत्येक लिटर जास्त काम करतो. वाहून जाणारं पाणी गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडावं.

महिन्याचं गणितही थोडं फसवतं, हे मुलांना सांगायला हवं. एका दिवसात ५० मिलिमीटर कोसळला की ४,००० लिटर एकदम येतात. टाकी अर्धी भरलेली असेल तर एक तृतीयांशाहून जास्त पाणी ओसंडून जातं. पहिल्या सरीचे शंभर-दोनशे लिटर धुळीचे, पक्ष्यांच्या विष्ठेचे, ते बाहेरच सोडायचे. आणि गच्ची मोजताना जेवढा भाग त्या पाइपकडे उतरतो तेवढाच मोजायचा. कौलं किंवा पत्रा असेल तर उताराची लांबी नाही, त्याखालची जमीन मोजायची. ही चूक मुलं हमखास करतात.

फ्लॅटवाल्या पालकांसाठी हेच गणित आणखी बोलकं आहे. ४०० चौरस मीटर गच्ची, २० घरं, म्हणजे घरटी २० चौरस मीटर. वर्षाला १०,४०० लिटर. चौघांच्या रोजच्या ५४० लिटरने भागलं तर १९ दिवस. अशा सोसायटीने पाणी सरळ शोषखड्ड्यात सोडावं, टाकीचा हट्ट धरू नये.

आता वहीतला प्रश्न बदलतोय. 'किती लिटर पडतं?' ऐवजी 'ऑक्टोबरअखेर किती उरतं?' असं विचारणार आहे. प्रत्येकाने आपल्या घरातल्या माणसांचा आकडा घालून बघायचा.