बिंदू कुठे चुकला?

‘मुलानी पांच रुपये बँकेत भरले, असं पण्डितजी म्हणाले.’ या वाक्यात निर्विवाद चूक एकच: अनेकवचनी सामान्यरूपाचा अनुस्वार गळालेले ‘मुलानी’. तिथे ‘मुलांनी’च हवे. ‘पांच’मधला अनुच्चारित बिंदू १९६२च्या नियमांनी वगळला, आज तो चूक, पण त्याआधीच्या पुस्तकात तो शुद्धच. ‘पण्डित’ आणि ‘पंडित’ दोन्ही मान्य, कारण तत्सम शब्दात परसवर्ण चालतो. ‘असं’ संवादात योग्य. अहवालात ‘असे’ लिहावे. ‘बँक’मधला चंद्रबिंदू हिंदीसारखा नासिक्य स्वर दाखवत नाही, मराठीत तो ‘ॲ’ अधिक अनुस्वार असा वाचला जातो. म्हणून ‘बॅंक’ही चूक नव्हे. मग सगळेच चालू द्यावे? नाही, एकाच परिच्छेदात ‘पण्डित’ आणि ‘पंडित’ दोन्ही आले, तर संपादकाने एक निवडावे. हिंदीच्या धर्तीवर लिहिलेले ‘हँसणे’ मात्र मराठीत कुठेच बसत नाही.