मुद्दल कापले नाही, व्याज परत घेतले

‘ठेव मोडली तर बँकेने मुद्दलच कापले’ ही पत्रलेखकाची तक्रार वाचली. राग समजतो, पण निष्कर्ष चुकीचा आहे. समजा, एक लाख रुपये ७ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी ठेवले आणि दर तिमाहीला १,७५० रुपये व्याज घेतले. वर्षाने ठेव मोडली. आता ७ टक्के विसरायचे. ठेव ठेवली त्या दिवशी एका वर्षाच्या ठेवीला जो दर होता, समजा साडेसहा, तो धरून त्यातून एक टक्का दंड वजा होतो. उरले साडेपाच. म्हणजे हक्काचे व्याज ५,५०० आणि हाती आलेले ७,०००. जादा १,५०० वळते करून बँक ९८,५०० देते. सातातून एक वजा करून सहा टक्के धरणारेही इथेच फसतात.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा